उघडलेला कंस कुठे मिटतो?

सापशिडीच्या पटावर सोंगटी शिडीच्या पायथ्याशी आली की आपण शिडीचं दुसरं टोक शोधत बसत नाही. पटावर चित्र काढलेलं असतं. बोट शिडीवरून वर सरकतं आणि सोंगटी तिथे जाऊन बसते. आता असा पट डोळ्यांसमोर आणा की ज्यावर शिड्या काढलेल्याच नाहीत. फक्त काही घरांत `[` अशी खूण आहे आणि काही घरांत `]` अशी. ज्या खुणेवर याल तिची जोडी शोधायची, एवढाच नियम. मग दर वेळी एकेक घर मोजत, मधल्या इतर जोड्या वगळत पुढे किंवा मागे जावं लागेल. त्याच घरावर पन्नासदा आलात तर पन्नासदा तोच शोध. असा पट हाती आला तर डाव सुरू करण्याआधी पेन्सिल घेऊन सगळ्या शिड्या काढून टाकाव्यात, हे कुणालाही सुचेल.

संगणकाच्या एका चिमुकल्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे तिच्या आज्ञा एकेक करून वाचणारा आणि लगेच अमलात आणणारा प्रोग्रॅम, सी भाषेत लिहिताना नेमकं हेच करायचं असतं. हे काम जेमतेम वीस ओळींचं आहे, पण भाषेची अंमलबजावणी म्हणजे काय हे त्या वीस ओळींत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला जाडजूड पुस्तकांतही दिसलं नव्हतं.

भाषेचं नाव ब्रेनफक. नावात शिवी आहे, म्हणून पुढे मी तिला बीएफ म्हणेन. या क्षेत्रातले लोकही बहुधा तेच म्हणतात. स्वित्झर्लंडच्या उर्बान म्युलर यांनी १९९३ साली अमिगा संगणकासाठी ती तयार केली. त्याआधी वाउटर व्हान ऑर्टमर्सन यांनी फॉल्स नावाची भाषा केली होती आणि तिचा कंपायलर अवघ्या १,०२४ बाइट्सचा होता. म्युलर यांना त्याहून लहान कंपायलर लिहायचा होता. त्यांचा पहिला २९६ बाइट्सचा झाला आणि नंतर तो २४० बाइट्सवर आला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एखाद्या मध्यम लांबीच्या मराठी निरोपालाही याहून जास्त बाइट्स लागतात.

कंपायलर एवढा लहान राहिला, कारण भाषेतच काही ठेवलेलं नाही. एक लांबलचक पट्टी आहे, तिच्यावर ३०,००० खण आहेत आणि प्रत्येक खणात सुरुवातीला शून्य आहे. एक पॉइंटर एका वेळी एकाच खणावर उभा असतो. आज्ञा आठ. `>` म्हणजे पॉइंटर एक खण उजवीकडे, `<` म्हणजे डावीकडे. `+` म्हणजे समोरच्या खणातला आकडा एकाने वाढवा, `-` म्हणजे एकाने कमी करा. `.` म्हणजे त्या आकड्याचं अक्षर छापा, `,` म्हणजे बाहेरून एक अक्षर वाचून खणात ठेवा. उरले दोन कंस. `[` ला पोचलात आणि खणात शून्य असेल तर त्याच्या जोडीच्या `]` च्या पलीकडे उडी मारा. `]` ला पोचलात आणि खणात शून्य नसेल तर जोडीच्या `[` पाशी परत या. या आठांखेरीज दुसरं कोणतंही अक्षर आलं तरी ते टीप समजून सोडून द्यायचं.

इतक्या तुटपुंज्या साधनांत काहीही मोजता येतं, हे म्युलर यांच्या बऱ्याच आधी, १९६४ मध्ये, इटलीच्या कोराडो बोम यांनी जवळजवळ अशाच एका भाषेबद्दल दाखवून ठेवलं होतं. ती सारी ताकद कंसांच्या जोडीत आहे. उरलेल्या सहा आज्ञा सरळसोट आहेत. कंस मात्र वाट बदलतात, आणि इंटरप्रिटर लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष तिथेच लागतं.

एक अगदी छोटा प्रोग्रॅम हाताने चालवून पाहू. तो पडद्यावर `A` हे अक्षर छापतो. या अक्षराचा क्रमांक ६५.

```
++++++++[>++++++++<-]>+.
```

पहिल्या आठ अधिकांनी पहिल्या खणात ८ आले. मग कंसातला मजकूर: उजवीकडे जा, तिथे ८ मिळवा, डावीकडे परत या, एक वजा करा. पहिला खण शून्य होईपर्यंत हे चालतं, म्हणजे आठ फेऱ्या. दुसऱ्या खणात आठ अठ्ठे चौसष्ट जमले. शेवटी उजवीकडे जाऊन एक मिळवला, ६५ झाले, आणि अक्षर छापलं. सी भाषेत मोजणी शून्यापासून होते. त्या हिशेबाने `[` आठव्या जागी आहे आणि `]` विसाव्या.

आता या प्रोग्रॅमचा इंटरप्रिटर. सहा सोप्या आज्ञा लिहायला पाच मिनिटं पुरतात. `]` ची पाळी आली की पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे मागे चालत जाणं. पण मागे दिसलेला पहिलाच `[` आपला असेल असं नाही, मध्ये दुसऱ्या कुणाच्या जोड्या असू शकतात. म्हणून खोली मोजायची. वाटेत `]` भेटला की खोली एकाने वाढते, `[` भेटला की एकाने घटते. ती शून्य झाली की आपला जोडीदार सापडला.

```c
int depth = 1;
while (depth > 0) {
    ip--;
    if (prog[ip] == ']') depth++;
    if (prog[ip] == '[') depth--;
}
```

इथे `ip` म्हणजे प्रोग्रॅममध्ये आपण सध्या कितव्या चिन्हावर आहोत तो आकडा. ही पद्धत बरोबर आहे, उत्तरही बरोबर देते. तिचा खर्च किती, एवढंच मोजायचं. आपल्या उदाहरणात विसाव्या जागेवरून आठव्या जागेपर्यंत मागे जायला १२ पावलं. आठव्या फेरीअखेर खणात शून्य असतं, म्हणून मागे यायची गरज सातदाच पडते. सात गुणिले बारा, ८४ पावलं. खऱ्या आज्ञा किती चालल्या? सुरुवातीचे आठ अधिक, एक `[`, मग आठ फेऱ्यांत प्रत्येकी १२, आणि शेवटच्या तीन. एकूण १०८. म्हणजे १०८ आज्ञांच्या कामासाठी ८४ पावलांची पायपीट, आणि ती एकाच जोडीचा शोध सात वेळा घेण्यासाठी.

ही जवळपास दुप्पट किंमत पाहून कुणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडलं? इथे जरा थांबू, कारण खरं नुकसान या उदाहरणात दिसतच नाही. कंसातला सगळा मजकूर दर फेरीत चालत असेल तर शोधाचा खर्च कामाइतकाच होतो, त्याहून फार नाही. घोटाळा होतो तो मजकुराचा मोठा भाग वगळला जात असेल तेव्हा. बीएफमध्ये 'जर-तर' लिहायचं तर कंसच वापरावे लागतात. खणात शून्य असेल तर आतला तुकडा वगळायचा, एरवी चालवायचा. आता असा प्रोग्रॅम घ्या की ज्याच्या बाहेरच्या मोठ्या कंसात असे ४० तुकडे आहेत, प्रत्येक तुकडा कंसांसकट ५० चिन्हांचा, आणि दर फेरीत त्यांतला एकच चालतो. उड्या तयार असतील तर एका फेरीचं काम किती? चाललेल्या तुकड्याच्या ५० आज्ञा, वगळलेल्या ३९ तुकड्यांच्या दारातला एकेक `[`, आणि शेवटचा `]`. साधारण ९०. उड्या तयार नसतील तर? वगळण्यासाठीसुद्धा प्रत्येक तुकडा टोकापर्यंत चालून पाहावा लागतो, कारण त्याचा `]` कुठे आहे हे माहीत नाही. पुढे जाताना २,००० आणि शेवटच्या `]` पासून मागे येताना पुन्हा २,०००. नव्वदाच्या जागी चार हजार. जे वगळायचं ठरलं त्याचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

हे उदाहरण मी हिशेब सोपा व्हावा म्हणून रचलं, पण असे प्रोग्रॅम खरोखरच असतात. लोकांनी बीएफमध्ये बीएफचाच इंटरप्रिटर लिहिला आहे. वाचलेली आज्ञा आठांपैकी कोणती हे त्याला दर फेरीत ठरवावं लागतं, म्हणजे तो आतून याच आकाराचा असतो. एरिक बॉसमन यांचा मँडेलब्रॉट आकृती अक्षरांत रेखाटणारा प्रोग्रॅम तर दहा हजारांहून अधिक चिन्हांचा आहे. नवा इंटरप्रिटर लिहिला की मंडळी तो त्याच्यावर चालवून किती वेळ लागतो ते पाहतात.

तर मग शिड्या आधीच काढून ठेवू. प्रोग्रॅम हा एकदा वाचला की बदलत नाही. पट्टीवरचे आकडे बदलतात, पॉइंटर हलतो, पण आठव्या जागेवरच्या `[` चा जोडीदार विसाव्या जागेवरच राहतो. जे कधी बदलणार नाही ते पुन:पुन्हा कशाला शोधायचं? प्रोग्रॅम सुरू होण्याआधी डावीकडून उजवीकडे एकच फेरी मारायची, आणि `jump` नावाच्या तक्त्यात प्रत्येक कंसासमोर त्याच्या जोडीदाराचा क्रमांक लिहून ठेवायचा. `jump[8]` मध्ये 20, `jump[20]` मध्ये 8. बाकी जागांवर काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, कारण तिथे कुणी पाहणारच नाही.

एकाच फेरीत हे जमतं ते ताटांच्या चळतीमुळे. पंगतीनंतर घासलेली ताटं एकावर एक रचतात आणि घेताना सर्वांत वरचं, म्हणजे सर्वांत शेवटी ठेवलेलं ताट आधी हाती येतं. कंसांचंही तसंच आहे. सर्वांत शेवटी उघडलेला कंस सर्वांत आधी मिटतो. संगणकाच्या भाषेत या चळतीला स्टॅक म्हणतात. `[` दिसला की त्याचा क्रमांक चळतीवर ठेवायचा. `]` दिसला की वरचा क्रमांक उचलायचा, तोच त्याचा जोडीदार.

```c
int build(int n)
{
    int sp = 0;
    for (int i = 0; i < n; i++) {
        if (prog[i] == '[') {
            stack[sp++] = i;
        } else if (prog[i] == ']') {
            if (sp == 0)
                return fail(i);
            int j = stack[--sp];
            jump[i] = j;
            jump[j] = i;
        }
    }
    if (sp > 0)
        return fail(stack[sp - 1]);
    return 1;
}
```

`n` म्हणजे प्रोग्रॅममधली एकूण चिन्हं, `sp` म्हणजे चळतीत सध्या किती ताटं आहेत ते. `fail` हे चुकीची जागा छापून शून्य परत करणारं छोटंसं फंक्शन आहे, ते मी इथे दिलेलं नाही. एकात एक कंस असलेला हा तुकडा कागदावर लिहा आणि बोटाने चालून पाहा:

```
[>[-]<[->+<]]
```

शून्यावर `[`, चळतीत ०. दोनवर `[`, चळतीत ० आणि २. चारवर `]`, वरचे २ उचलले, म्हणून २ आणि ४ ही जोडी. सहावर `[`, चळतीत ० आणि ६. अकरावर `]`, तेव्हा ६ आणि ११. बारावर `]`, शिल्लक राहिलेला ० त्याचा. चळत रिकामी झाली, काम संपलं. प्रत्येक कंस एकदाच ठेवला जातो आणि एकदाच उचलला जातो, त्यामुळे प्रोग्रॅम कितीही गुंतागुंतीचा असला तरी खर्च त्याच्या लांबीएवढाच. तक्त्याला लागणारी जागाही फार नाही. एका चिन्हामागे चार बाइट्स धरले तर दहा हजार चिन्हांना चाळीस हजार बाइट्स.

मुख्य वेटोळं आता इतकं साधं होतं:

```c
for (int ip = 0; ip < n; ip++) {
    switch (prog[ip]) {
    case '>': p++; break;
    case '<': p--; break;
    case '+': tape[p]++; break;
    case '-': tape[p]--; break;
    case '.': putchar(tape[p]); break;
    case ',': c = getchar();
              if (c != EOF) tape[p] = c;
              break;
    case '[': if (!tape[p]) ip = jump[ip]; break;
    case ']': if (tape[p]) ip = jump[ip]; break;
    }
}
```

शेवटच्या दोन ओळी नीट पाहा. उडी जोडीदार कंसावर पडते, त्याच्या पुढच्या चिन्हावर नाही. पुढे सरकण्याचं काम वेटोळ्याच्या माथ्यावरचा `ip++` करतो. मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा मला वाटलं, परत येताना `[` च्या पुढच्या आज्ञेपासून सुरुवात करायची आहे, तर तक्त्यातच `j + 1` लिहून ठेवू. तसं लिहिलं, वरचा `A` छापणारा प्रोग्रॅम चालवला, आणि पडद्यावर काहीही न उमटता `Segmentation fault` असा संदेश आला.

एका घराच्या चुकीने एवढं काय झालं ते मी मग वहीवर मांडलं. पहिली फेरी ठीक झाली, कारण तिच्यात उडी नव्हती. पहिल्या खणात ७ उरले, दुसऱ्यात ८ जमले. मग `]` वरून उडी नवव्या जागेवर पडली, आणि लगेच `ip++` ने ती दहावर नेली. नवव्या जागेवरचा `>` वगळला गेला. पॉइंटर पहिल्याच खणावर राहिला, त्यातच आठ मिळवले गेले, १५ झाले. त्यानंतर `<` आला आणि पॉइंटर पट्टीच्या डाव्या टोकाबाहेर, उणे एकाव्या खणावर गेला. असा खणच नाही. पण सी भाषा कुणाला अडवत नाही, पट्टीच्या आधी स्मृतीत जे काही असेल त्यातून एक वजा करते. तिथे शून्य असेल तर २५५ होतात, २५५ म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पुन्हा उडी. दर फेरीला `<` आहे आणि `>` वगळला जातो आहे, तेव्हा पॉइंटर दर फेरीत एक घर आणखी डावीकडे सरकतो, वाटेतली स्मृती खराब करत, आणि शेवटी जिथे हात लावायची परवानगी नाही तिथे पोचला की कार्यप्रणाली त्याला संपवते. त्या वाटेवर आपला `jump` तक्ताच पडला असेल तर इंटरप्रिटर स्वत:च्या शिड्या स्वत:च पुसत जातो.

ही चूक नेमकी कुठे झाली हे नुसत्या त्या संदेशावरून कळत नाही. म्हणून असं काही लिहिताना मी कंपायलरला पहारेकरी ठेवायला सांगतो:

```
gcc -g -fsanitize=undefined bf.c -o bf
```

मग `tape[p]` ला हात लावताना `p` हद्दीबाहेर असेल तर `index -1 out of bounds` असा इशारा ओळीच्या क्रमांकासह मिळतो. अर्थात पहारेकरी फक्त तपासणीपुरता. खऱ्या इंटरप्रिटरमध्ये `>` आणि `<` च्या वेळी `p` हा ० ते २९,९९९ यांच्या आत आहे ना, हे आपणच पाहायला हवं. बीएफ लिहिणाऱ्याची चूक ही त्याच्या प्रोग्रॅमची चूक म्हणून दिसली पाहिजे, आपला इंटरप्रिटर कोसळून नव्हे.

तक्ता आधी बांधण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो वेगापेक्षा मोठा आहे. समजा कुणी एक कंस मिटवायला विसरलं. चालता चालता जोडी शोधणाऱ्या इंटरप्रिटरला हे त्या कंसापर्यंत पोचून उडी मारायची वेळ येईपर्यंत कळणार नाही. तोवर अर्धं उत्तर छापून झालेलं असेल. शिवाय ती उडी एखाद्या विशिष्ट आकड्यालाच लागत असेल तर चूक महिनोन्महिने लपून राहील. आधी तक्ता बांधणारा इंटरप्रिटर मात्र पहिली आज्ञा चालवण्यापूर्वीच नकार देतो. `build` मध्ये दोन तपासण्या आहेत त्या यासाठीच. `]` आला आणि चळत रिकामी असेल तर तो कंस अनाथ. शेवटी चळतीत काही उरलं असेल तर तेवढे कंस मिटायचे राहिले. उघडणारे आणि मिटणारे कंस नुसते मोजून भागत नाही. `][` यात दोन्ही एकेकच आहेत, हिशेब जुळतो, पण प्रोग्रॅम चुकीचाच आहे. चळत तो पहिल्याच चिन्हावर पकडते.

काही जण चळत चालतानाच वापरतात. `[` मध्ये शिरताना क्रमांक ठेवायचा, `]` ला वरचा पाहून परत जायचं. मागे जाण्यासाठी ही युक्ती ठीक आहे. पण `[` पाशीच शून्य असेल तर पुढे कुठवर जायचं हे चळतीला ठाऊक नसतं, कारण तो `]` अजून पाहिलेलाच नाही. म्हणजे पुढे जाण्याची पायपीट राहतेच, आणि आपण पाहिलं की सगळा तोटा त्या वगळण्यातच आहे.

तक्ता बांधण्याआधी एक चाळण लावणं चांगलं. फाइल वाचतानाच आठ चिन्हं तेवढी ठेवायची, टिपा आणि रिकाम्या जागा गाळायच्या. उड्यांचं अंतर घटतं, वेटोळं निरर्थक अक्षरांवरून फिरत नाही. पण गाळल्यावर क्रमांक बदलतात. 'अडतिसाव्या चिन्हावरचा कंस जुळत नाही' असं सांगितलं तर मूळ फाइलमध्ये ते अडतिसावं अक्षर नसतं, आणि बिचारा लिहिणारा भलतीकडे शोधत राहतो. म्हणून प्रत्येक चिन्हासोबत ते मूळ फाइलच्या कितव्या ओळीवर होतं हे दुसऱ्या एका तक्त्यात टिपून ठेवायचं आणि `fail` ने तो आकडा छापायचा.

चाळणीत एक खोच आहे. पुष्कळ जण ती `strchr("><+-.,[]", c)` अशी लिहितात, म्हणजे आठ चिन्हांच्या ओळीत हे अक्षर सापडतं का ते पाहायचं. पण सी भाषेत प्रत्येक ओळ अदृश्य शून्य बाइटने संपते, आणि `strchr` त्या शून्यालाही ओळीचाच भाग मानतं. फाइलमध्ये एखादा शून्य बाइट आला तर तो चाळणीतून सुटून आज्ञांमध्ये जाऊन बसतो. `c != 0` एवढी जोड दिली की झालं.

टिपांबद्दल आपल्यासाठी एक चांगली बातमी. बीएफच्या टिपा मराठीत लिहायला काहीच अडचण नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट्सचं असतं आणि त्या तिन्ही बाइट्सची किंमत १२८ किंवा त्याहून अधिक असते. आठही आज्ञा १२८ च्या खालच्या. त्यामुळे 'इथे पहिला खण रिकामा करा' ही टीप इंटरप्रिटरला कधीच आज्ञा वाटणार नाही. धोका आहे तो विरामचिन्हांचा. मराठीतला पूर्णविराम, स्वल्पविराम आणि जोडरेघ ही इंग्रजीतलीच चिन्हं आहेत. 'आकडा वाचा, मग छापा.' असं लिहिलंत तर स्वल्पविरामाने खरोखरच एक अक्षर वाचलं जाईल आणि पूर्णविरामाने एक छापलं जाईल. लक्षण ओळखू यावं म्हणून सांगतो: प्रोग्रॅम सुरुवातीलाच अकारण अडून तुम्ही काही टाइप करण्याची वाट पाहू लागला, तर आधी टिपांमधले स्वल्पविराम शोधा.

यावर बीएफवाल्यांनी काढलेला तोडगा जोड्यांच्या तक्त्यावरच उभा आहे. फाइलच्या अगदी सुरुवातीची लांबलचक टीप ते चौकोनी कंसात घालतात. प्रोग्रॅम सुरू होताना पहिल्या खणात शून्य असतं, म्हणून पहिला `[` आतलं सगळं वगळतो, मग आत कितीही पूर्णविराम असोत. अट एकच, टिपेच्या आत आलेले चौकोनी कंस जोडीने आणि क्रमाने यायला हवेत. आज्ञा कधीच चालणार नसल्या तरी `build` तिथूनही जातं आणि एकटा `]` दिसला की टीप तिथेच संपली असं समजतं.

वरच्या वेटोळ्यातल्या `,` बद्दल थोडंसं. वाचायला काही उरलं नाही तर खणात काय ठेवायचं, याबद्दल बीएफमध्ये एकमत नाही. कुणी ० ठेवतात, कुणी -१, म्हणजे २५५, आणि कुणी खण जसाच्या तसा सोडतात. मी शेवटचा मार्ग घेतला आहे. दुसऱ्याचा प्रोग्रॅम अखेरीस थांबेनासा झाला तर कंसांवर संशय घेण्याआधी हे तपासावं. आणि खण `unsigned char` याच प्रकारचे घ्यावेत, म्हणजे २५५ मध्ये एक मिळवला की ० आणि ० मधून एक वजा केला की २५५ हे नक्की राहतं.

तक्ता काय करत नाही हेही सांगायला हवं. एखादा खण रिकामा करायचा तर बीएफमध्ये `[-]` लिहितात. खणात २०० असतील तर एक `[`, मग `-` आणि `]` प्रत्येकी दोनशे वेळा, अशा ४०१ आज्ञा चालतात. इथे जोडीदार दोनच घरं दूर आहे, त्यामुळे तक्त्याने फारसं वाचत नाही. खरं तर 'या खणात शून्य ठेवा' एवढं एकच काम आहे. लागोपाठच्या आठ अधिकांचंही तेच, 'आठ मिळवा' हे एका आज्ञेत होऊ शकतं. वेगवान इंटरप्रिटर असे तुकडे आधीच ओळखून त्यांच्या जागी स्वत:च्या मोठ्या आज्ञा घालतात. मात्र ओळखायचं काम आता सोपं झालेलं असतं, कारण तक्ता हाताशी आहे. `i` या जागेवर `[` आहे, `jump[i]` मध्ये `i + 2` लिहिलेलं आहे आणि मधलं चिन्ह `-` आहे, एवढं दिसलं की तो खण रिकामा करण्याचाच तुकडा आहे हे चारशे आज्ञा न चालवता कळतं.